दादा, स्कॅनर आहे का?

दारात पार्सल घेऊन उभ्या असलेल्या कुरिअरवाल्याला पूर्वी पहिला प्रश्न पडायचा तो सुट्या पैशांचा. आता गिऱ्हाईकच आधी विचारतं, ‘दादा, स्कॅनर आहे का?’ हा शब्द खरं तर चुकीचा आहे. स्कॅन करणारा कॅमेरा असतो गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये, आणि कुरिअरवाला दाखवतो तो नुसता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. पण महाराष्ट्रभर भाजीच्या गाडीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत त्या चौकोनालाच स्कॅनर म्हणतात, तेव्हा इथंही तोच शब्द चालू दे. प्रश्न शब्दाचा नाही. हजार-दीड हजाराची वस्तू हातात घेताना आपण त्या चौकोनावर कॅमेरा धरतो, चार किंवा सहा आकडे दाबतो आणि दार लावून घेतो. या मिनिटभरात पैसे नेमके कुणाला मिळाले? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘कुरिअरवाल्याला दिले.’ या प्रकरणात मांडायचं आहे ते असं की व्यवहार नीट झाला असेल तर हे उत्तर चूक असतं, आणि ते बरोबर असेल तर व्यवहार नीट झालेला नसतो.

त्यासाठी आधी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावातला ‘कॅश’ जरा बाजूला ठेवावा लागेल. वस्तू दारात आल्यावर पैसे द्यायचे ही सोय इंटरनेटच्या फार आधीची आहे. भारतीय टपाल खात्यानं १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं, आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी पुस्तकं आणि मासिकं ‘व्ही.पी.नं’ मागवली. पोस्टमन पाकीट घेऊन यायचा, रक्कम घ्यायचा, पाकीट द्यायचा, आणि पुढं ती रक्कम मनीऑर्डरनं प्रकाशकाकडं जायची. फ्लिपकार्टनं २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली तेव्हा ओळख होती ती याच पद्धतीची. दोन्हीकडं गिऱ्हाइकाला हवा होता तो एक हक्क: वस्तू दारात येईपर्यंत पैसा आपल्याकडं राहावा आणि नको वाटलं तर ‘घेऊन जा’ म्हणता यावं. नोटा हा त्या हक्काचा भाग नव्हता. घरात पैसे ठेवण्याची दुसरी रीत नव्हती म्हणून नोटा होत्या. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फोनमधून थेट बँक खात्यातले पैसे क्षणात पाठवता येऊ लागले, तेव्हा नोटा गेल्या तरी हक्क तसाच राहू शकला. ऑर्डरवर अजूनही ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च लिहिलेलं असतं आणि दारात कॅश दिसत नाही, ही विसंगती वाटते तेवढी मोठी नाही.

आता एक पार्सल घेऊ. समजा, सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी पाच लिटरचा कुकर मागवला आहे, किंमत १,३४९ रुपये, पैसे दारात. कुरिअरवाला बेल वाजवतो, पार्सलवरचा बारकोड स्वतःच्या फोननं वाचतो आणि कंपनीच्या ॲपमध्ये ही ऑर्डर उघडतो. तिथं पैसे घेण्याचे दोन मार्ग दिसतात: रोख आणि ऑनलाइन. बाई स्कॅनर मागतात, म्हणून तो ‘ऑनलाइन’वर बोट ठेवतो. या क्षणी त्याच्या फोनमध्ये तयार कोड नसतो. ॲप कंपनीच्या सर्व्हरला कळवतं, सर्व्हर पैसे गोळा करणाऱ्या बँकेकडं किंवा पेमेंट कंपनीकडं मागणी करतो, आणि फक्त या कुकरसाठी, फक्त १,३४९ रुपयांसाठी एक कोड जन्माला येतो. कोड येईपर्यंत पडद्यावर गोल फिरत राहतो आणि जिन्यात उभा असलेला कुरिअरवाला फोन जरा उंच धरून रेंज शोधतो, ती याच कामासाठी लागलेली काही सेकंदं असतात. कोड उलगडून वाचला तर आत साधारण असा मजकूर सापडतो:

```
upi://pay?pa=exampleshop@bank&pn=Example%20Shop
&am=1349.00&cu=INR&tr=ORD7Q4412&tn=COD
```

नाव आणि क्रमांक अर्थात उदाहरणापुरते आहेत, आणि प्रत्यक्षात हा मजकूर एकाच ओळीत सलग असतो. `pa` म्हणजे पैसे ज्या यूपीआय पत्त्यावर जायचे तो पत्ता, `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव, `am` म्हणजे रक्कम आणि `cu` म्हणजे चलन. `tn` ही नुसती शेऱ्याची जागा. सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे `tr`, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. वडापावच्या गाडीवर चिकटवलेल्या कोडमध्ये पत्ता आणि नाव असतं, पण रक्कम नसते आणि हा संदर्भही प्रत्येक गिऱ्हाइकागणिक बदलत नाही. तिथं रक्कम आपण टाकतो, आणि पंधरा रुपये कुठल्या वडापावचे हे गाडीवाल्याच्या डोक्यात असतं. कुरिअरवाल्याच्या डोक्यात ते असून उपयोग नाही, कारण तो दिवसभरात अनेक दारांसमोर उभा राहतो आणि पैसे जमा होतात ते शेकडो कुरिअरवाल्यांच्या समाईक खात्यात. त्या खात्यात एकाच मिनिटाला १,३४९ रुपये तीनदा येऊ शकतात. कुठले पैसे कुठल्या कुकरचे हे सांगणारी खूण पैशाबरोबरच प्रवास करायला हवी, आणि ती खूण म्हणजे हा संदर्भ क्रमांक. दोन्ही कोड शेजारी ठेवून पाहिले तर बहुधा डोळ्यालाही फरक दिसतो. दारातल्या कोडचे ठिपके जास्त बारीक आणि दाट असतात, कारण आत मजकूर जास्त आहे. त्यामुळंच कुरिअरवाल्याचा स्क्रीनगार्ड तडकलेला असला किंवा ऊन थेट पडद्यावर पडत असलं तर तो वाचायला नखरे करतो. क्यूआर कोडमध्ये थोडा भाग झाकला गेला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवण्याची सोय मुळातच केलेली असते, पण पडद्याची चकाकी सगळ्या कोडवर पसरली तर तिचा इलाज नाही. पडद्याचा उजेड वाढवणं किंवा सावलीत होणं, एवढंच करता येतं.

बाईंनी कोड वाचला की त्यांच्या ॲपवर घेणाऱ्याचं नाव आणि १,३४९ ही रक्कम आपोआप येते. ती रक्कम बदलताही येत नाही, पण तेवढ्यावरून कोड खरा ठरत नाही. त्या पिन टाकतात. पिन ॲप कंपनीकडं वाचता येईल अशा रूपात जात नाही. तो फोनमध्येच कुलूपबंद होऊन त्यांच्या बँकेकडं जातो आणि तपासते ती बँकच. मधला चौक म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची, एनपीसीआयची यंत्रणा. ती बाईंच्या बँकेला सांगते, एवढे पैसे वळते करा. बँक पिन आणि शिल्लक पाहून पैसे वळते करते. मग यंत्रणा घेणाऱ्याच्या बँकेला सांगते, एवढे पैसे जमा करा, आणि तीही जमा करते. त्यानंतर ‘झालं’ हा निरोप दोन दिशांना निघतो. एक निरोप बाईंच्या ॲपकडं येतो, टिंग असा आवाज होतो, हिरवी खूण उमटते. दुसऱ्या निरोपाला लांबचा पल्ला आहे. तो घेणाऱ्याच्या बँकेकडून पेमेंट कंपनीकडं, तिथून कुरिअर कंपनीच्या सर्व्हरकडं, सर्व्हरमध्ये संदर्भ क्रमांकावरून ऑर्डर सापडली की तिच्या नोंदीत, आणि शेवटी मोबाइलच्या रेंजवर स्वार होऊन कुरिअरवाल्याच्या फोनवर येतो. त्याच्या पडद्यावर पैसे मिळाल्याची खूण आली की मगच ‘डिलिव्हर्ड’चं बटण उघडतं.

या दोन निरोपांमधल्या अंतरातच दारातले जवळपास सगळे वाद जन्म घेतात. बाई फोन पुढं करून म्हणतात, ‘हे बघा, गेले.’ कुरिअरवाला स्वतःच्या फोनकडं बघत म्हणतो, ‘ताई, माझ्याकडं नाही आले अजून.’ बाईंना वाटतं, हा माणूस आपल्यावर अविश्वास दाखवतो आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्या निरोपाची वाट बघत असतो आणि त्यानं बघायलाच हवी. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण हे एक चित्र आहे, आणि चित्र कुणालाही काढता येतं. ‘पेमेंट सक्सेसफुल’ असा हुबेहूब पडदा दाखवणारी खोटी ॲप्स बाजारात सापडली आहेत. दुकानदारांनी आवाज करणारे डबे गल्ल्यावर ठेवले ते याच कारणानं. कुरिअरवाल्याचं ॲप हा त्याचा तसाच डबा, फक्त तो रकमेबरोबर ऑर्डरही ओळखतो. म्हणून दारात कुणाचा फोन पुरावा मानायचा याचं उत्तर रोखीच्या सवयीला उलटं पडतं. नोट देताना देणाऱ्याचा हात रिकामा झाला की व्यवहार झाला. कोडमध्ये मात्र देणाऱ्याचं खातं रिकामं झालं तरी घेणाऱ्याच्या नोंदीत ऑर्डरसमोर खूण पडेपर्यंत व्यवहार अर्धाच असतो.

तो खरोखरच अर्धा राहिला तर काय? इथं घाई महाग पडते. समजा बाईंच्या खात्यातून पैसे गेले, त्यांच्या ॲपवर ‘पेंडिंग’ दिसतं आहे आणि कुरिअरवाल्याकडं काहीच नाही. पहिली गोष्ट म्हणजे कुरिअरवाल्याला त्याच्या ॲपमध्ये स्थिती पुन्हा तपासायला सांगायची. निरोप वाटेत अडकला असेल तर तो अशा विचारणेनंतर सापडतो, आणि अनेकदा एवढंच पुरतं. दुसरी गोष्ट, त्याच्या फोनला रेंज आहे का ते बघायचं. लिफ्टच्या कोपऱ्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये पैसे पोचलेले असतात आणि नुसती बातमी पोचलेली नसते. पाच-दहा मिनिटांत काही हललं नाही तर निर्णय घ्यावा लागतो: रोख देऊन पार्सल घ्यायचं की पार्सल परत पाठवायचं. रोख दिली तर पैसे दुहेरी जाण्याची भीती खरी आहे, पण ती कायमची नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणं दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडं पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं गिऱ्हाइकाला १०० रुपये द्यायचे आहेत, आणि तेही गिऱ्हाइकानं अर्ज न करता. पैसे उशिरा का होईना पण कंपनीपर्यंत पोचलेच, तर संदर्भ क्रमांक बरोबर असल्यानं एका ऑर्डरवर दोनदा पैसे आल्याचं कंपनीच्या नोंदीतच दिसतं आणि परताव्याचा दावा सिद्ध करायला फार झटावं लागत नाही. त्यासाठी बाईंनी जपून ठेवायचा तो व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, ॲपच्या तपशिलात ‘UTR’ किंवा ‘UPI Ref No.’ या नावाखाली असतो तो. हिरव्या खुणेचा फोटो बँकेला फारसं काही सांगत नाही, हे बारा आकडे सांगतात.

आता तो प्रसंग, ज्याच्यामुळं या प्रकरणाची गरज पडली. कोड येतच नाही. गोल फिरतो आणि थांबतो. कुरिअरवाल्याला अजून बरीच पार्सलं वाटायची आहेत, उन्हाची वेळ आहे, आणि तो म्हणतो, ‘ताई, कंपनीचा स्कॅनर चालत नाहीये, माझ्या नंबरवर जीपे करा, मी कॅश भरून टाकतो.’ तो बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. तो ॲपमध्ये ‘रोख’ निवडतो, बाईंचे १,३४९ रुपये स्वतःच्या खात्यात घेतो, आणि संध्याकाळी हबवर हिशेब देताना खिशातल्या किंवा दुसऱ्या घरून मिळालेल्या नोटांमधून तेवढी रक्कम भरतो. पार्सल मिळतं, सगळे खूश. मग यात बिघडलं काय? बिघडलं एवढंच की पैशाच्या पाठीवरून ऑर्डरची खूण उतरली. कंपनीच्या वहीत ही ऑर्डर रोखीनं चुकती झाली आहे आणि बाईंच्या बँकेच्या वहीत एका माणसानं दुसऱ्या माणसाला पैसे पाठवले आहेत. या दोन नोंदींना जोडणारा धागा कुठल्याच यंत्रणेत नाही, तो फक्त त्या दोघांच्या आठवणीत आहे. उद्या कुरिअरवाल्यानं ऑर्डर ‘गिऱ्हाइकानं नाकारली’ म्हणून परत नोंदवली, किंवा घाईत दुसऱ्याच पार्सलसमोर रोख टाकली, तर बाईंच्या हातात पुरावा उरतो तो ‘मी एका अनोळखी माणसाला १,३४९ रुपये दिले’ एवढाच. बँक म्हणेल, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले आणि ते त्याला मिळाले, यात चूक कुठं आहे? आणि बँकेचं म्हणणं बरोबर असेल.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. रोख दिली असती तरी हेच झालं असतं. नोटेवर कुठं ऑर्डर क्रमांक असतो? खरं आहे, नोट आंधळीच असते. पण नोट देताना आपल्याला ते ठाऊक असतं, म्हणून आपण पार्सल हातात घेतल्याशिवाय नोट सोडत नाही आणि ॲपवर ‘डिलिव्हर्ड’चा मेसेज आला का ते बघतो. शिवाय कंपनीची रोख घेण्याची सगळी शिस्त, हबवरची मोजणी, कुरिअरवाल्याच्या नावावरची थकबाकी, ही नोटांसाठीच बांधलेली आहे. खाजगी स्कॅनरला या दोन्हींतलं काहीच लागू होत नाही. तो दिसतो डिजिटल आणि वागतो रोखीसारखा, म्हणजे नोंदीची खात्री मिळत नाही आणि नोटेची सावधगिरीही सुटते. त्यात कुरिअरवाल्याचंही भलं नाही. दिवसभर अनोळखी लोकांकडून त्याच्या खात्यात पैसे येत राहतात, आणि त्यातल्या एखाद्या गिऱ्हाइकाकडं आलेले पैसे मुळात सायबर फसवणुकीतले निघाले तर तपासात पैशांचा माग काढत त्याचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. कोड चालत नसेल तर सरळ मार्ग तीनच उरतात. कंपनीच्या ॲपमधून किंवा मेसेजनं आलेल्या दुव्यावरून पैसे भरावेत, नोटा द्याव्यात, किंवा पार्सल उद्या आणायला सांगावं. तिसरा मार्ग आपल्याला सुचत नाही, कारण दारात आलेलं पार्सल परत पाठवायला जीव होत नाही.

मग खरा कोड ओळखायचा कसा? अनेकजण नावावर विसंबतात आणि तिथं थोडी फसगत होते. ज्या संकेतस्थळावरून कुकर घेतला त्याचंच नाव पडद्यावर येईल असं नाही. पैसे कुरिअर कंपनीच्या किंवा पेमेंट कंपनीच्या खात्यात जात असतील तर कायद्यानं नोंदलेलं, कधी न ऐकलेलं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं लांबलचक नाव येतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही. संशय यावा तो माणसाचं नाव आल्यावर, आणि रक्कम आपल्याला टाकावी लागल्यावर. ही दोन चिन्हं एकत्र दिसली तर तो कोड या ऑर्डरसाठी जन्मलेला नाही हे जवळजवळ नक्की. आणखी एक खूण म्हणजे कोड कुठं दिसतो आहे ती जागा. तो कुरिअरवाल्याच्या ॲपमध्ये, वर ऑर्डर क्रमांक आणि खाली रक्कम असा असायला हवा. फोनच्या फोटो गॅलरीत ठेवलेलं चित्र किंवा पाकिटाच्या मागं चिकटवलेला कागद या कामाचा नाही.

पण कोड खरा असला तरी तो किती गोष्टींची हमी देतो, याबद्दल गैरसमज नको. तो सांगतो की हे पैसे या ऑर्डरच्या खात्यावर जातील. ऑर्डर तुम्हीच दिली होती का, हे तो सांगत नाही. न मागवलेली पार्सलं ‘कॅश ऑन डिलिव्हरी’नं पाठवून पैसे उकळण्याचा एक जुना धंदा आहे. घरातल्या कुणीतरी मागवलं असेल म्हणून आजोबा पैसे देऊन टाकतात. अशा पार्सलचा कोडही तितकाच खरा असतो, कारण कुरिअर कंपनी खरी आणि नोंद खरी, खोटी फक्त ऑर्डर. म्हणून पैसे देण्याआधी घरात विचारणं हे काम कोडवर सोपवता येत नाही. खोक्यात कुकर आहे की वीट, हेही कोडला माहीत नसतं. काही विक्रेते उघडून दाखवण्याची सोय देतात. ती नसेल तर पैसे आधी आणि खोकं नंतर हा क्रम रोखीइतकाच इथंही आंधळा आहे. तरी पुढं वस्तू परत करताना कोडनं पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाकडं बारा आकडी क्रमांकाची नोंद असते. रोखीच्या परताव्यासाठी मात्र खात्याचा तपशील नव्यानं द्यावा लागतो, आणि तिथंच ‘परताव्यासाठी हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ असं सांगणारे भामटे फोनवर भेटतात. पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. दारात कुरिअरवाला विचारतो तो ओटीपी वेगळा. तो पार्सल योग्य माणसाला मिळाल्याची खूण म्हणून त्याला तोंडी सांगायचा असतो. ज्येष्ठांची गल्लत होते ती इथं, कारण दोन्ही चार-सहा आकडेच असतात. फरक सांगायचा तर पार्सलचा हा ओटीपी कुरिअरवाल्याला सांगण्यासाठी आलेला असतो, पिन आपणच ठरवलेला असतो आणि आपल्याच फोनवर दाबायचा असतो.

एवढा सगळा व्याप करण्यापेक्षा ऑर्डर देतानाच पैसे का भरू नयेत, असंही कुणी विचारेल. विश्वासाच्या ठिकाणाहून मागवणाऱ्यांनी खुशाल भरावेत, पण त्यानं दाराचं महत्त्व संपत नाही. आधी भरलेले पैसे परत मिळवायचे तर दावा करणारे आपण असतो आणि ठरवणारे ते असतात. दारात भरायचे असले तर पार्सल नाकारलं की विषय संपला. विक्रेत्याच्या बाजूनं हाच मोठा तोटा आहे, कारण नाकारलेलं पार्सल दोन्ही वेळचं वाहतुकीचं भाडं घेऊन परत येतं, आणि म्हणूनच काही जण कॅश ऑन डिलिव्हरीला जादा आकार लावतात. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी रोख आहे आणि ती राहायला हवी. पण कोडची एक गंमत अशी की तो ऑर्डरचा असल्यामुळं पैसे कुणी भरावेत याबद्दल त्याला काही म्हणणं नसतं. सांगलीतल्या बाईंच्या जागी त्यांच्या सासूबाई एकट्या घरी असतील, तर कुरिअरवाल्याच्या पडद्याचा फोटो पुण्यातल्या नातवाकडं जाऊ शकतो आणि नातू तिथून पैसे भरू शकतो. कोडची मुदत काही मिनिटांचीच असू शकते आणि गॅलरीतून वाचलेल्या कोडवर काही ॲप्स कमी रकमेची मर्यादा लावतात, एवढं सांभाळावं लागतं. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा काही देशांतल्या अनिवासी भारतीयांना त्यांच्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला तिथला मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून आहे. त्यामुळं तो नातू दुबईत असला तरी जिन्यातला कुरिअरवाला तितकीच सेकंदं थांबतो.

त्याच्या दिवसाचा शेवट हबवर होतो. रोखीच्या काळात तिथं रांग असायची. प्रत्येकानं नोटा गठ्ठ्यांत लावून आणायच्या, मोजणाऱ्यानं मोजायच्या, पाचशेची एखादी नोट उजेडात धरायची, आणि पन्नास-शंभर रुपये कमी निघाले तर ते त्याच्या खिशातून जायचे. रस्त्यात नोटांची पिशवी सांभाळण्याची भीती वेगळीच. आता त्याच्या हिशेबाच्या पडद्यावर दोन रकाने असतात. रोखीच्या रकान्यासमोरची रक्कम त्याला मोजून भरायची असते, ऑनलाइनच्या रकान्यासमोर फक्त ऑर्डरींची यादी असते. त्या यादीत कुकर आहे, आणि त्याचे १,३४९ रुपये त्याच्या हातात कधी आलेच नव्हते.